खाते बंद केले. माहिती केव्हा पुसली जाते?

फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये खाते बंद करण्याचे दोन पर्याय एकाच पानावर एकाखाली एक दिसतात. एक Deactivate account, म्हणजे खाते तात्पुरते निष्क्रिय करणे, आणि दुसरा Delete account, म्हणजे ते कायमचे हटवणे. कोणताही पर्याय निवडला तरी प्रोफाइल लगेच दिसेनासे होते, त्यामुळे दोन्हींचा परिणाम सारखाच वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या पर्यायात कंपनीकडची माहिती जिथल्या तिथे राहते, फक्त ती इतरांना दाखवणे थांबते. दुसऱ्यात माहिती पुसण्याची प्रक्रिया सुरू होते, पण तीही बटण दाबल्या क्षणी पूर्ण होत नाही. आधी ३० दिवसांची मुदत, मग प्रत्यक्ष पुसण्यासाठी ९० दिवसांपर्यंतचा काळ आणि त्यानंतर राखीव प्रतींमधून ती जाण्यासाठी आणखी ९० दिवसांपर्यंतचा काळ, असे तीन टप्पे त्यात असतात. हे टप्पे का आहेत, त्या काळात काय घडते आणि शेवटी काय उरते, हे फेसबुकच्या उदाहरणावरून नीट समजते.

निष्क्रिय केलेले खाते

खाते निष्क्रिय केले की त्याची टाइमलाइन इतरांना उघडता येत नाही, शोधूनही ते सापडत नाही आणि टाकलेली छायाचित्रे व मजकूर दिसेनासा होतो. पण मित्रयादी, छायाचित्रे, पसंत्या, गटांचे सदस्यत्व हे सगळे कंपनीच्या सर्व्हरवर जसेच्या तसे असते. दुकानाचे शटर खाली ओढले, माल आतच राहिला, असा हा प्रकार आहे. शटर वर घेतले की माल होता तसाच मांडलेला सापडतो.

निष्क्रिय असतानाही काही गोष्टी दिसत राहतात. आधी पाठवलेले संदेश समोरच्या व्यक्तीच्या इनबॉक्समध्ये असतात. मित्रांना त्यांच्या मित्रयादीत त्या व्यक्तीचे नाव दिसू शकते. एखाद्या गटात लिहिलेला मजकूर आणि प्रतिक्रिया त्या गटाच्या ॲडमिनला नावासह दिसू शकतात. शिवाय निष्क्रिय करताना मेसेंजर चालू ठेवण्याची सोय असते. ती घेतली तर फेसबुक बंद असूनही संदेशांची देवाणघेवाण चालू राहते आणि संदेशांमध्ये त्या व्यक्तीचे नाव व छायाचित्र दिसत राहते. ‘फेसबुक बंद केले, तरी ओळखीच्यांना मी ऑनलाइन दिसतो कसा?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच सोयीत असते.

निष्क्रिय स्थितीला मुदत नाही. खातेदार महिन्याने परतला काय आणि दोन वर्षांनी परतला काय, जुन्या ईमेलने किंवा फोन नंबरने आणि पासवर्डने लॉगइन केले की खाते पूर्ववत होते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. खाते खरोखर बंद झाले का, हे पाहायला लॉगइन केले तर त्या लॉगइननेच ते पुन्हा चालू होते. एखाद्या गेममध्ये किंवा खरेदीच्या ॲपमध्ये ‘फेसबुकने लॉगइन करा’ हे बटण वापरले तरी तोच परिणाम होतो. खातेदाराला वाटते खाते बंदच आहे. पण गेम खेळण्यासाठी एक बटण दाबले आणि प्रोफाइल पुन्हा सर्वांसमोर आले, असे त्यामुळे घडते.

थोडक्यात, निष्क्रिय करणे हा इतरांच्या नजरेपासून दूर राहण्याचा उपाय आहे. कंपनीकडे असलेली माहिती कमी करण्याचा तो उपाय नाही.

कायमचा पर्याय कसा आला

सुरुवातीच्या काळात फेसबुकवर सहज सापडणारा पर्याय फक्त निष्क्रिय करण्याचा होता. खाते पूर्णपणे पुसायचे असेल तर आपली छायाचित्रे, मजकूर आणि मित्र एकेक करून स्वतः काढावे लागत. फेब्रुवारी २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या अडचणीवर बातमी दिली. खाते बंद करूनही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर राहते, अशी वापरकर्त्यांची तक्रार होती. त्यानंतर कायमचे हटवण्याची सोय हळूहळू सुलभ होत गेली.

‘हटवले’ आणि ‘पुसले’ यांतले अंतर २०११ मध्ये ऑस्ट्रियातील कायद्याचा विद्यार्थी माक्स श्रेम्स याने उघड केले. युरोपातील कायद्याचा आधार घेऊन त्याने फेसबुककडे आपल्याबद्दलची सगळी माहिती मागितली. कंपनीने पाठवलेली फाइल १,२०० हून अधिक पानांची होती आणि आपण कधीच काढून टाकले असे त्याला वाटत असलेले संदेशही त्यात होते. पडद्यावरून गेलेली गोष्ट डेटाबेसमधून गेलेली असेलच असे नाही, हे या प्रकरणातून सामान्य वापरकर्त्यांना पहिल्यांदा ठळकपणे दिसले.

यामागे एक साधे तांत्रिक कारण आहे. डेटाबेसमधली नोंद काढण्याचे दोन मार्ग असतात. नोंद तशीच ठेवून तिच्यावर ‘काढलेली’ अशी खूण करायची आणि खूण असलेल्या नोंदी कोणालाही दाखवायच्या नाहीत, हा पहिला मार्ग. तो झटपट असतो, आणि खूण काढली की नोंद परत येते. दुसऱ्या मार्गात नोंद, तिच्याशी जोडलेल्या नोंदी आणि त्यांच्या सगळ्या प्रती खरोखर पुसायच्या असतात. ते सावकाश होते आणि एकदा झाले की मागे फिरता येत नाही. निष्क्रिय करणे हे पहिल्या मार्गाचेच मोठे रूप आहे. कायमचे हटवण्याची सुरुवातही पहिल्या मार्गाने होते आणि ठरावीक मुदतीनंतर काम दुसऱ्या मार्गावर जाते.

पहिला टप्पा : ३० दिवसांची मुदत

हटवण्याची विनंती करण्याचा रस्ता थोडा आडवळणाचा आहे. Settings & privacy मधून Settings, तिथून Accounts Center, मग Personal details, त्यात Account ownership and control आणि शेवटी Deactivation or deletion असे जावे लागते. तिथे खाते निवडल्यावर दोन्ही पर्याय समोर येतात. Delete account निवडून पुढे गेल्यावर ‘त्याऐवजी खाते निष्क्रिय करा’, ‘आधी माहिती उतरवून घ्या’ अशा सूचना दिसतात. अखेरीस पासवर्ड मागितला जातो. घाईत मधल्याच एखाद्या सूचनेवर बोट पडले, तर हटवण्याऐवजी निष्क्रिय करण्याची विनंती नोंदली जाऊ शकते. म्हणून शेवटच्या पानावर कोणता शब्द आहे, हे वाचूनच पासवर्ड द्यावा.

विनंती नोंदली गेली की प्रोफाइल इतरांना दिसेनासे होते आणि ३० दिवसांची मुदत सुरू होते. या काळात माहिती पुसली जात नाही. खातेदाराने लॉगइन केले तर हटवण्याची विनंती रद्द करण्याचे Cancel deletion हे बटण समोर येते. ते दाबले की खाते पूर्ववत होते. तिसावा दिवस उलटल्यावर मात्र खाते आणि त्यातील माहिती परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

ही मुदत पूर्वी १४ दिवसांची होती. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणानंतर २०१८ मध्ये अनेकांनी फेसबुक सोडण्याची मोहीम चालवली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने मुदत ३० दिवसांवर नेली. १४ दिवस उलटल्यावर अनेकजण परत लॉगइन करण्याचा प्रयत्न करतात, असे कारण तेव्हा कंपनीने दिले. मुदत वाढवण्यात कंपनीचा स्वार्थ उघड आहे, कारण जाणाऱ्याला थांबवण्यासाठी तिला जास्त दिवस मिळतात. पण मुदत अजिबात नसावी, असेही म्हणता येत नाही. पासवर्ड चोरून खात्यात शिरलेली व्यक्ती रागाने किंवा पुरावा नष्ट करण्यासाठी खाते हटवू शकते. घरातल्या भांडणात कोणीतरी दुसऱ्याचा फोन हाती घेऊन हे करू शकते. लहान मूल फोनशी खेळताना भलतीकडे पोचू शकते, पण तिथे निदान पासवर्डची अट आड येते. अशा वेळी खऱ्या खातेदाराला वीस-पंचवीस दिवसांनी कळले, तरी खाते वाचवता येते.

दुसरा टप्पा : प्रत्यक्ष पुसणे

मुदत संपल्यावर खरे पुसणे सुरू होते आणि त्याला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असे फेसबुक सांगते. कागद फाडायला क्षण पुरतो, मग संगणकाला तीन महिने कशाला, असा प्रश्न साहजिक आहे.

पहिले कारण म्हणजे ‘एक खाते’ नावाची एक फाइल कुठेच नसते. दहा-बारा वर्षे वापरलेल्या खात्यात हजारो छायाचित्रे, प्रतिक्रिया, पसंत्या, मित्रविनंत्या, शोधलेले शब्द आणि लॉगइनच्या नोंदी साठलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या यंत्रणांमध्ये विखुरलेल्या असतात, आणि एखादे यंत्र बिघडले तरी सेवा चालू राहावी म्हणून प्रत्येकीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या डेटा सेंटरांत ठेवलेल्या असतात. त्या सगळ्या शोधून काढाव्या लागतात. मध्येच एखादे यंत्र बंद पडले तर राहिलेले काम पुन्हा हाती घ्यावे लागते.

दुसरे कारण अधिक गुंतागुंतीचे आहे. या नोंदी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येक जोडणीबाबत वेगळा निर्णय करावा लागतो. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये युझनिक्स सिक्युरिटी या परिषदेत ‘डेल्फ’ नावाच्या आपल्या यंत्रणेवर निबंध सादर केला, त्यात ही अडचण तपशिलाने मांडली आहे. एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र पुसायचे असेल, तर त्याखाली इतरांनी लिहिलेल्या प्रतिक्रियाही पुसायला हव्यात, कारण छायाचित्राविना त्यांना आधार उरत नाही. मात्र त्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांची खाती पुसली जाता कामा नयेत. तिथे फक्त जोडणी तोडायची असते. काही वस्तू अनेक ठिकाणांहून जोडलेल्या असतात. त्यांचा शेवटचा धागा तुटल्यावरच त्या पुसायच्या असतात.

हे काम प्रत्येक प्रोग्रामरने आपापल्या परीने लिहिले तर दोन प्रकारच्या चुका होतात. कमी पुसले गेले तर हटवलेल्या माणसाची माहिती कुठल्यातरी कोपऱ्यात राहून जाते. जास्त पुसले गेले तर ज्याने काहीच मागितले नव्हते, त्याचा मजकूर नाहीसा होतो. डेल्फमध्ये म्हणून प्रत्येक प्रकारची नोंद तयार करतानाच ती कशी पुसायची, याचा नियम सांगावा लागतो आणि पुसण्याचे काम यंत्रणा त्या नियमांनुसार करते. ९० दिवसांची मर्यादा ही या सगळ्याला, फसलेल्या प्रयत्नांची पुनरावृत्ती धरून, दिलेली कमाल सवड आहे. छोटे खाते त्याआधीच पुसले जाऊ शकते.

तिसरा टप्पा : राखीव प्रती

आग, पूर, सॉफ्टवेअरमधली मोठी चूक अशा संकटांत सगळी माहिती जाऊ नये म्हणून कंपन्या ठरावीक काळाने तिच्या राखीव प्रती, म्हणजे बॅकअप, घेऊन ठेवतात. या प्रती रोजच्या कामात वापरल्या जात नाहीत. त्यातून एका माणसाची माहिती वेचून काढणे अवघड असते, शिवाय बॅकअपमध्ये वारंवार फेरफार केले तर संकटाच्या वेळी त्यावर विसंबता येत नाही. म्हणून सर्वसाधारण पद्धत अशी की बॅकअपला हात लावायचा नाही. त्याचे आयुष्य संपले की जुनी प्रत आख्खी नष्ट होते आणि तिच्याबरोबर हटवलेली माहितीही जाते. मुख्य यंत्रणेतून माहिती पुसल्यानंतर बॅकअपमधून ती जायला आणखी ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, असे फेसबुकची मूळ कंपनी मेटा आपल्या गोपनीयता धोरणात सांगते.

एका खात्याचा हिशेब

समजा, नाशिकच्या एका गृहिणीने २०१२ पासून फेसबुक वापरले आहे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेण्यासाठी तिने एक पेजही काढले आहे आणि त्यावर पूर्ण नियंत्रण तिचे एकटीचेच आहे. १ जानेवारी २०२६ रोजी ती खाते कायमचे हटवण्याची विनंती करते.

त्याच दिवशी तिचे प्रोफाइल मैत्रिणींना दिसेनासे होते. १ ते ३१ जानेवारी हा परत फिरण्याचा काळ. १८ जानेवारीला तिच्या लक्षात येते की पेज चालवणारी दुसरी कोणीच व्यक्ती नेमलेली नाही. एकट्याच्या ताब्यातले पेज खात्याबरोबरच जाते. ती लॉगइन करते, Cancel deletion दाबते, आपल्या बहिणीला पेजचे पूर्ण नियंत्रण देते आणि त्याच दिवशी पुन्हा हटवण्याची विनंती करते. जुने १७ दिवस आता हिशेबात धरले जात नाहीत. नवी ३० दिवसांची मुदत १८ जानेवारीपासून मोजली जाते आणि १७ फेब्रुवारीला संपते.

यापुढे तिने पासवर्ड दिला तरी खाते उघडणार नाही. प्रत्यक्ष पुसण्याचे ९० दिवस सर्वांत लांबच्या हिशेबाने १८ मे रोजी पूर्ण होतात. बॅकअपसाठीचे आणखी ९० दिवस धरले तर तारीख येते १६ ऑगस्ट २०२६. म्हणजे दुसऱ्यांदा केलेल्या विनंतीपासून माहिती शेवटच्या प्रतीतून जाईपर्यंत जास्तीत जास्त सुमारे सात महिने लागू शकतात. या सात महिन्यांपैकी इतरांना तिचे प्रोफाइल पहिल्या दिवसापासूनच दिसत नाही आणि तिला स्वतःला परत फिरता येते ते फक्त पहिल्या तीस दिवसांत.

त्यानंतरही उरते ते

सर्व टप्पे पार पडल्यावरही काही गोष्टी राहतात. पाठवलेले संदेश त्यांतला सर्वांत मोठा भाग. संदेश पाठवला की त्याची एक प्रत घेणाऱ्याच्या खात्याची होते, त्यामुळे पाठवणाऱ्याचे खाते गेले तरी संभाषण समोरच्याकडे राहते. फक्त नावाच्या जागी Facebook user असे दिसते. मैत्रिणीने स्वतःच्या खात्यावर टाकलेले सहलीचे छायाचित्र तिच्या खात्याचा भाग असते, म्हणून तेही राहते. ते नको असेल तर खाते हटवण्याआधी तिलाच सांगावे लागते. कोणी काढून ठेवलेल्या स्क्रीनशॉटवर तर कोणत्याच कंपनीचे नियंत्रण नसते.

यंत्रणेच्या कामकाजाच्या काही नोंदी, म्हणजे लॉग, नावापासून वेगळ्या करून ठेवल्या जातात. एखाद्या खात्याबाबत पोलीस तपास किंवा न्यायालयीन प्रकरण चालू असेल, तर संबंधित माहिती पुसण्याचे काम थांबवले जाऊ शकते. खाते हटवले म्हणजे त्यावरून केलेल्या फसवणुकीचा किंवा धमकीचा पुरावा गेला, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फसवणूक झालेल्यांसाठी अर्थ उलट आहे. समोरच्याने खाते बंद केले तरी तक्रार निरर्थक होत नाही, पण ती लवकर करणे महत्त्वाचे ठरते.

भारतात आणखी एक नियम लागू होतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खाते रद्द झाल्यावरही नोंदणीच्या वेळी घेतलेली माहिती मध्यस्थ कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची असते. ही नोंदणीची माहिती म्हणजे खात्यातील सगळी छायाचित्रे आणि मजकूर नव्हे. तरीही ‘आजच्या आज माझे नावही शिल्लक ठेवू नका’ अशी मागणी कंपनीला मान्य करता येत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

दुसऱ्या बाजूने, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क भारतीयांना दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची बहुतेक बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. भारतात दोन कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना, कोणी सलग तीन वर्षे खात्याकडे फिरकले नाही तर त्याची माहिती पुसावी लागेल आणि त्याआधी किमान ४८ तास सूचना द्यावी लागेल, अशी तरतूद त्यात आहे. वर्षानुवर्षे निष्क्रिय पडून राहणाऱ्या खात्यांवर याचा परिणाम होऊ शकतो.

हटवण्यापूर्वीची कामे

तिसावा दिवस उलटल्यावर काहीच परत मिळत नसल्याने काही कामे आधीच उरकावी लागतात. पहिले काम माहितीची प्रत उतरवून घेण्याचे. Accounts Center मध्येच त्याची सोय आहे. तिथे तारखांची मर्यादा निवडावी लागते. सगळे हवे असेल तर All time निवडायला विसरू नये, नाहीतर अलीकडच्या काळापुरतीच फाइल हाती येते. फाइल HTML प्रकारात घेतली तर ती साध्या ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते. जुन्या खात्याची फाइल तयार व्हायला वेळ लागतो आणि ती उतरवून घेण्याची लिंक थोडेच दिवस चालते. म्हणून फाइल संगणकावर उघडून पाहिल्यावर आणि छायाचित्रे त्यात असल्याची खात्री झाल्यावरच हटवण्याची विनंती करावी.

दुसरे काम फेसबुकच्या लॉगइनने उघडलेल्या इतर सेवांचे. एखाद्या संगीत ॲपचे किंवा गेमचे खाते फक्त फेसबुकच्या आधारे उघडलेले असेल, तर फेसबुकबरोबर त्याचाही दरवाजा बंद होतो. त्या प्रत्येक ठिकाणी आधी ईमेल आणि स्वतंत्र पासवर्ड द्यावा. तिसरे काम पेज आणि गटांचे. तिथे दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला पूर्ण अधिकार द्यावेत. गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था आणि छोटे व्यावसायिक यांची पेजेस पुष्कळदा एकाच कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर चालतात. त्याने खाते हटवले की मंडळाची वर्षानुवर्षांची छायाचित्रेही जातात.

फक्त जुना मजकूर नकोसा झाला असेल तर खाते हटवायची गरज नसते. Manage activity या सोयीने जुन्या पोस्ट एकगठ्ठा निवडून ट्रॅशमध्ये टाकता येतात. तिथेही त्या ३० दिवस राहतात आणि मग पुसल्या जातात.

इतर सेवांत काय वेगळे

सगळ्या कंपन्यांचे शब्द आणि मुदती सारख्या नाहीत. इन्स्टाग्राम मेटाचेच असल्याने तिथेही ३० दिवसांची मुदत आणि ९० दिवसांपर्यंतचे पुसणे हाच क्रम आहे. मात्र तात्पुरते निष्क्रिय आठवड्यातून एकदाच करता येते. पूर्वी ट्विटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या एक्सवर सावध राहावे लागते. तिथे Deactivate हेच बटण कायमच्या हटवण्याची पहिली पायरी आहे. ३० दिवसांत परत लॉगइन केले नाही तर खाते जाते. फेसबुकच्या सवयीने ‘तात्पुरते बंद’ समजून ते दाबले आणि दोन महिन्यांनी परतले, तर जुने खाते मिळत नाही.

व्हॉट्सॲपमध्ये विचार बदलण्याची मुदतच नाही. खाते हटवले की लगेच सगळ्या गटांतून बाहेर पडणे होते, संदेशांचा इतिहास जातो आणि मागे फिरता येत नाही. कंपनीकडची माहिती पुसायला मात्र ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. नुसते ॲप फोनमधून काढून टाकल्याने खाते हटत नाही, हेही लक्षात ठेवावे. फोन चोरीला गेल्यास कंपनीला कळवून व्हॉट्सॲप खाते निष्क्रिय करून घेता येते. तेव्हा ३० दिवसांत ते पुन्हा चालू केले नाही तर हटवले जाते.

गुगलच्या खात्याला निष्क्रिय करण्याचा पर्यायच नाही. खाते हटवल्यावर माहिती पूर्णपणे जायला साधारण दोन महिने आणि सांकेतिक रूपात ठेवलेल्या बॅकअपमधून जायला सहा महिन्यांपर्यंत लागतात, असे गुगल सांगते. हटवलेला जीमेल पत्ता पुन्हा कोणालाच मिळत नाही, मूळ मालकालासुद्धा नाही. बँक, आधार किंवा प्राप्तिकराच्या सूचना त्या पत्त्यावर येत असतील, तर पत्ता आधी तिथे बदलावा लागतो.

निवड कोणती करावी

परीक्षेचे दिवस, मनस्ताप किंवा थोडे दूर राहण्याची इच्छा एवढेच कारण असेल तर निष्क्रिय करणे पुरते, कारण त्यात काही गमावत नाही. कंपनीकडे आपली माहिती नको असेल, तर मात्र ते पुरत नाही. तेव्हा कायमचे हटवण्यालाच पर्याय नाही. तसे करताना माहितीची प्रत हाती घ्यावी, पेजचा ताबा दुसऱ्याकडे द्यावा, इतर ॲपची लॉगइन वेगळी करावी आणि विनंतीची तारीख लिहून ठेवावी. मग तिसाव्या दिवसापर्यंत त्या खात्याने कुठेही लॉगइन करू नये. ज्याला ही तीस दिवसांची शिस्त पाळता येईल की नाही अशी शंका आहे, त्याने फोनमधून ॲप आधी काढून टाकावे आणि मगच ब्राउझरमधून हटवण्याची विनंती करावी.